वरच्या पापणीखाली अडकलेली लेन्स

‘कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याच्या मागे गेली’ असे घाबरून सांगणारी माणसे मला बरेचदा भेटतात, पण लेन्स तिथे जाऊच शकत नाही. पापणीच्या आतल्या बाजूला एक नाजूक, ओलसर अस्तर असते. ते वर जाऊन वळते, खाली उतरते आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून थेट बुबुळाच्या कडेपर्यंत पोहोचते. म्हणजे पापणीखालची जागा हा तळ शिवलेला, उलटा धरलेला खिसाच आहे. बुबुळाच्या कडेपासून त्याचा तळ सुमारे १ सेंटीमीटरवर असतो आणि सॉफ्ट लेन्सचा व्यास साधारण १४ मिलिमीटर असतो, त्यामुळे तिथे शिरलेली लेन्स बहुधा घडी पडून बसते. डोळे घट्ट मिटले की बुबुळे आपोआप वर फिरतात. त्याच वेळी डोळा चोळला, तर जागेवरून निसटलेली लेन्स त्या खिशात ढकलली जाते.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच घडले. डोळा चोळल्यावर त्या डोळ्याने अंधुक दिसू लागले आणि वर काहीतरी टोचू लागले. अंधुक दिसणे ही लेन्स बुबुळावर नसल्याची खूण आहे, पण ती पापणीखालीच असल्याचा तो पुरावा नव्हे, म्हणून आम्ही आधी गाल, कपडे आणि जमीन तपासली. मग तिने साबणाने हात धुऊन कोरडे केले आणि डोळ्यांत लेन्ससोबत चालणाऱ्या कृत्रिम अश्रूंचे काही थेंब घातले, कारण कोरडी सॉफ्ट लेन्स चिकटून राहते. नळाचे पाणी वापरू नये. त्यात असू शकणारा अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतो. काही मिनिटांनी तिने डोळा मिटून खाली पाहिले आणि पापणीवरून भुवईकडून पापण्यांच्या केसांकडे बोट अगदी हलके फिरवले. तिसऱ्या खेपेला दुमडलेली लेन्स पांढऱ्या भागावर दिसली. तिने पुन्हा थेंब घातले, लेन्स सरकू लागेपर्यंत वाट पाहिली आणि मगच ती चिमटीत धरून काढली. कडक लेन्सवर मात्र असे बोट फिरवू नये, कारण तिच्या कडेने बुबुळ खरचटू शकते.

असे दोन-तीन प्रयत्न करूनही लेन्स दिसली नाही, तर थांबावे. लेन्स पडून गेल्यावरही टोचत राहू शकते, कारण बुबुळावरचा ओरखडा तशीच जाणीव देतो. अशा वेळी शोधत राहिल्याने ओरखडा वाढतो. वेदना, वाढती लाली, उजेड सहन न होणे, चिकट स्राव, लेन्स निघूनही अंधुक दिसणे किंवा लेन्सचा तुकडा आत राहिल्याची शंका, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि तोवर त्या डोळ्यात नवी लेन्स घालू नये. डॉक्टर पापणी दुहेरी उलटून, घरी कधीच न दिसणारा खिशाचा तळ पाहतात. फ्लुरोसीन नावाच्या रंगाने पारदर्शक सॉफ्ट लेन्सही पिवळसर हिरवी होऊन उठून दिसते. काही त्रास नाही म्हणून आत काही नाही, असेही मानता येत नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या ६७ वर्षांच्या एका महिलेच्या एकाच डोळ्यात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी, तब्बल २७ लेन्स सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १७ लेन्स श्लेष्मात चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता.