मॉनिटर लॉक (मेनू आणि पॉवर बटण)

मॉनिटर लॉक म्हणजे मॉनिटरच्या बाह्य बटणांचे काम जाणूनबुजून बंद ठेवण्याची सोय. ती चालू असताना मेनूचे बटण दाबले तर मेनू उघडत नाही, किंवा पॉवरचे बटण दाबूनही मॉनिटर बंद होत नाही. चित्र मात्र नेहमीसारखेच दिसत राहते. प्रयोगशाळा, स्वागतकक्ष, दुकानातला दर्शनी पडदा अशा जागी कोणीही येऊन ब्राइटनेस किंवा इनपुट बदलू नये, यासाठी ती दिलेली असते. घरी आणि कार्यालयात ती बहुतेक वेळा चुकून चालू होते. मॉनिटर पुसताना कडेला बोट दाबले जाते, उचलून हलवताना तळहात बटणावर टेकतो, किंवा खालच्या कडेला चिकटून ठेवलेले पुस्तक बटण दाबून ठेवते. काही सेकंद गेले की लॉक लागते, आणि आपण काय केले हे कोणाच्या ध्यानातही नसते.

लॉक आहे की बिघाड

लॉक लागलेला मॉनिटर बटण दाबल्यावर सहसा काहीतरी सांगतो. एचपीच्या पडद्यावर "OSD Lockout" किंवा "Power Button Lockout" अशी ओळ येते, व्ह्यूसॉनिकवर "OSD Locked" येते, इतर काही मॉनिटरवर नुसते कुलपाचे चिन्ह उमटते. OSD म्हणजे मॉनिटरचा स्वतःचा, पडद्यावर उमटणारा मेनू. हा संदेश दिसला म्हणजे बटण, त्याची तार आणि आतला नियंत्रक तिन्ही शाबूत आहेत. बटणाचा दाब आत पोहोचतो आहे, फक्त तो मानायचा नाही असे नियंत्रकाने ठरवलेले आहे. कितीही दाबले तरी पडद्यावर काहीच उमटत नसेल तर आधी दुसऱ्या कारणांचा विचार करावा. अनेक मॉनिटर सिग्नल नसताना पूर्ण मेनू दाखवत नाहीत. त्यामुळे संगणक जागा आहे आणि पडद्यावर चित्र आहे याची खात्री करूनच पारख करावी.

पॉवर लॉकचा अर्थ अनेकांना उलटा लागतो. "पॉवर बटण लॉक झालंय, आता मॉनिटर चालूच होणार नाही" ही भीती सहसा निराधार असते. पॉवर बटणाचे लॉक मॉनिटर चालू असतानाच लागते आणि त्याला चालूच ठेवते. संगणक झोपला की मॉनिटरही झोपतो, संगणक उठला की तोही उठतो. अडते ते एवढेच, की बटणाने तो बंद करता येत नाही.

प्लग काढून काम का होत नाही

पहिला प्रयत्न बहुधा प्लग काढून पुन्हा लावण्याचा असतो. तो फुकट जातो, कारण लॉकची नोंद ब्राइटनेस, भाषा आणि रंगांच्या नोंदींबरोबर, वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असते. तशी ती नसती तर दुकानातल्या पडद्याचे लॉक कोणीही प्लग उपटून उघडले असते. प्लग काढण्याचा उपयोग एकाच ठिकाणी होतो: नियंत्रक स्वतःच अडकून बसला असेल आणि कोणत्याच बटणाला दाद देत नसेल तेव्हा. हा दोष वेगळा, आणि त्यात लॉकचा संदेश दिसत नाही.

लॉक लावणारी आणि उघडणारी कृती बहुतेक मॉनिटरवर एकच असते. बटण दाबले की नियंत्रक वेळ मोजू लागतो. ठरलेली मुदत संपेपर्यंत बोट उचलले गेले नाही, तर लॉकची स्थिती उलटी होते. म्हणून ज्या बटणाने चुकून लॉक लागले तेच बटण तेवढाच वेळ पुन्हा धरले की ते निघते. याचा एक तोटा आहे. उघडल्यावर खात्री करायला कोणी पुन्हा तसेच लांब दाबले, तर लॉक परत लागते.

एक प्रसंग, पायरीपायरीने

समजा कार्यालयातल्या एका टेबलावरच्या एचपी मॉनिटरवर पॉवर बटण दाबले की "Power Button Lockout" येते आणि काही क्षणांत जाते. बसणारा पाच-सहा वेळा बटण दाबतो, दर वेळी तीच ओळ. ओळ दिसताच तो बोट उचलतो, आणि नेमके हेच चुकते. तो संदेश "लॉक आहे" एवढेच सांगतो, अजून कृती पूर्ण झालेली नसते.

संगणक चालू ठेवून पडद्यावर चित्र येऊ द्यावे. पॉवर बटण एका बोटाने दाबून धरावे. ओळ लगेच दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करून बोट तसेच ठेवावे. एचपीच्या या लॉकसाठी १० सेकंद लागतात. मनातल्या मनात मोजले तर आकडे भराभर जातात आणि सातव्या-आठव्या सेकंदाला बोट निघते, म्हणून घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहून किंवा फोनवर मोजणे बरे. मुदत भरली की बोट उचलावे. दोन क्षण थांबून बटण एकदाच, हलके दाबावे. मॉनिटर बंद झाला तर काम झाले.

याच मॉनिटरवर मेनूही उघडत नसेल तर ते वेगळे लॉक आहे. त्यासाठी पॉवर बटण नव्हे, तर मेनूचे बटण १० सेकंद धरायचे. दोन्ही लॉक एकत्र लागलेले असू शकतात, आणि एक निघाले म्हणजे दुसरेही निघाले असे नाही. त्यामुळे पडद्यावर कोणती ओळ आली ते वाचणे हीच खरी सुरुवात. "OSD" लिहिले असेल तर मेनू, "Power" लिहिले असेल तर पॉवर.

कंपनीगणिक फरक

मुदत आणि बटण प्रत्येक कंपनीचे, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचेही, वेगळे असते. बेनक्यूच्या अनेक मॉनिटरवर कोणतेही बटण १० सेकंद धरले की मेनूचे लॉक उघडते. फिलिप्सवर सहसा मेनूचे (ओके) बटण १० सेकंद धरायचे. असुसच्या बऱ्याच मॉडेलांत ५ सेकंदांहून थोडे जास्त धरले तरी पुरते, मात्र बटण कोणते ते मॉडेलच ठरवते.

डेलच्या अलीकडच्या मॉनिटरवर बाहेर पडण्याचे बटण, किंवा जॉयस्टिक असेल तर ती एका दिशेला, ४ सेकंद धरावी लागते. तेवढ्याने थेट काही घडत नाही. छोटी चिन्हे दिसतात आणि त्यांतून मेनू, पॉवर की दोन्ही, हे निवडायचे असते. लॉक लागलेले असेल तर उघडण्याचे चिन्ह येते. त्याच रांगेत पडद्याची स्वतःची तपासणी सुरू करणारे चिन्हही असते. ते चुकून निवडले आणि पडदा एकसारखा करडा झाला, तर घाबरायचे कारण नाही.

जुन्या व्ह्यूसॉनिकवर दोन बटणे एकत्र धरायची असतात. १ आणि वरचा बाण १० सेकंद धरले तर मेनूचे लॉक, १ आणि खालचा बाण धरले तर पॉवरचे. एओसीच्या अनेक मॉडेलांची रीत तर अगदीच निराळी. मॉनिटर बंद करायचा, मेनूचे बटण दाबून धरायचे आणि ते तसेच धरून पॉवरचे बटण दाबून मॉनिटर चालू करायचा.

ही शेवटची रीत दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरवर सरसकट करून पाहू नये. मेनूचे बटण धरून मॉनिटर चालू केला की काही मॉनिटरवर कारखान्याचा तपासणी मेनू उघडतो. त्यात रंगांची मूळ मोजमापे असतात, आणि बऱ्याचदा "Burn In" नावाचा पर्यायही असतो. तो चालू राहिला तर सिग्नल नसताना पडदा झोपण्याऐवजी एकामागून एक रंग दाखवत राहतो. आधी लॉकची तक्रार, मग ही. मागच्या बाजूला किंवा तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक पाहून त्याच मॉडेलची पुस्तिका उघडावी आणि "OSD Lock", "Key Lock" किंवा "Power Lock" हे शब्द शोधावेत.

संगणकाकडून

बटणे हाताशी नसतील, जसे की मॉनिटर भिंतीवर उंच लावलेला असेल, तर संगणकाकडून एक वाट आहे. डीडीसी/सीआय या व्यवस्थेत डिस्प्ले केबलवरूनच मॉनिटरला आज्ञा जातात, आणि त्यांत मेनूच्या लॉकसाठी CA हा क्रमांक राखलेला आहे. त्याचे मूल्य १ म्हणजे मेनू बंद, २ म्हणजे मेनू खुला. लिनक्सवर ddcutil हा प्रोग्राम बसवलेला असेल तर ते असे वाचता आणि लिहिता येते:

```
sudo modprobe i2c-dev
sudo ddcutil detect
sudo ddcutil getvcp CA
sudo ddcutil setvcp CA 2
```

दोन मॉनिटर जोडलेले असतील तर `detect` ने दाखवलेला क्रमांक `--display 2` असा जोडावा, नाहीतर आज्ञा भलत्याच मॉनिटरला जाईल. या वाटेवर फार भिस्त ठेवू नये. पुष्कळ मॉनिटर CA मानतच नाहीत, काही तो वाचू देतात पण बदलू देत नाहीत. डीडीसी/सीआय मॉनिटरच्याच मेनूतून बंद केलेले असेल तर आज्ञा पोहोचतच नाहीत, आणि ते चालू करायला उघडा मेनू लागतो. पण लॉक निघाले नाही तरी ब्राइटनेस अनेकदा याच वाटेने बदलता येतो. त्याचा क्रमांक 10 आहे, म्हणून `sudo ddcutil setvcp 10 60` ही आज्ञा तो ६० वर आणते.

लॉक पुन्हा पुन्हा लागत असेल तर

नीट उघडलेले लॉक थोड्याच वेळात आपोआप परत लागत असेल तर कोणतेतरी बटण दाबलेल्या अवस्थेत अडकले आहे असे समजावे. नियंत्रकाच्या दृष्टीने ते अखंड लांब दाबणेच असते. बटण बोटाने दाबून सोडल्यावर टक् असा आवाज करत वर येते का ते पाहावे. बाकीच्यांपेक्षा खोल बसलेले किंवा मऊ लागणारे बटण संशयित असते. स्पर्शाने चालणाऱ्या बटणांच्या बाबतीत ओलसर कडा हेच काम करते. पुसल्यानंतर मॉनिटर प्लग काढून पूर्ण वाळू द्यावा, आणि पुढच्या वेळी द्रव थेट कडेवर न फवारता कापडावर घ्यावा.

काही मॉनिटरमध्ये सगळी बटणे एकाच तारेवर वेगवेगळ्या रोधकांतून जोडलेली असतात, आणि नियंत्रक व्होल्टेजवरून कोणते बटण दाबले ते ओळखतो. अशा रचनेत एक अडकलेले बटण इतरांचे वाचन बिघडवते. मेनू दाबला तर आवाज वाढतो, खाली दाबले तर काहीच होत नाही, असे विचित्र वर्तन दिसले की लॉकच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. ती बटणे बहुधा एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतात आणि पट्टी पातळ केबलने मुख्य बोर्डाला जोडलेली असते. दुरुस्ती करणारा बऱ्याचदा तेवढी पट्टीच बदलतो.