गडद रंगाचा दिवाणखाना (इंदूरच्या अरुंद घरांतील)

इंदूरच्या जुन्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचा दिवाणखाना बहुधा अरुंद आणि खोल असतो, आणि उजेड फक्त रस्त्याकडच्या खिडकीतून येतो. अशा खोलीला गर्द निळा, बाटली-हिरवा किंवा मरून रंग देता येतो. खोली उदास होते ती रंग चुकीच्या भिंतीवर लागला की.

गडद रंगासाठी खिडकीसमोरची भिंत घ्यावी. तिच्यावर थेट उजेड पडतो, म्हणून निळा निळाच दिसतो. खिडकी असलेली भिंत मात्र फिकट ठेवावी. ती गडद केली तर लख्ख खिडकीशेजारी काळी दिसते आणि डोळ्यांना तिरीप लागते. उजेड आत पोचवण्याचे काम छत आणि बाजूच्या भिंती करतात. पांढरे छत पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग परत फेकते, तर गर्द निळा रंग जेमतेम ५ ते १० टक्के. खाली कोटा फरशी असेल तर तीही बराच उजेड गिळते. तिच्यावर फिकट सतरंजी अंथरल्याचा फरक लगेच दिसतो.

रात्रीची चूक वेगळी असते. छताखालची एकच पांढरी ट्यूब भिंतीपेक्षा जमीनच जास्त उजळते, शिवाय तिच्या थंड प्रकाशात मरून मातकट वाटतो. १० बाय १६ फुटांच्या खोलीत फिकट भिंतींना दिव्यांचा एकूण ३००० ल्युमेन प्रकाश पुरत असेल, तर गडद भिंतीच्या खोलीत ४५०० ते ५००० ल्युमेन धरावे आणि ते विभागून द्यावे: गडद भिंतीपासून फूटभर अंतरावर छतात ५ वॉटचे चार दिवे, सोफ्याच्या दोन टोकांना ९ वॉटचे दोन लॅम्प आणि उरलेला प्रकाश छताकडे वळवलेला. दिव्यांचे रंगतापमान २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे प्रकाश उबदार पिवळसर असावा.

भिंतीवर असा वरून घसरता प्रकाश पडला की पुट्टीचे उंचवटे उघडे पडतात. म्हणून घासकाम झाल्यावर टॉर्च भिंतीला टेकवून तपासणी करावी, ती प्रायमरच्या आधी. गडद छटा ज्या मूळ रंगात मिसळून बनवतात, त्या बेसमध्ये पांढरे रंगद्रव्य कमी असल्याने या छटा खालची भिंत नीट झाकत नाहीत. पांढऱ्या प्रायमरवर तीन हातही अपुरे पडू शकतात. करड्या प्रायमरवर सहसा दोन पुरतात. त्याआधी २ बाय २ फुटांचा नमुना दोन हात देऊन रंगवावा आणि सकाळी, दुपारी चारला व दिवे लावल्यावर पाहावा. शेडकार्डाच्या चिमुकल्या चौकोनावरून अंदाज येत नाही.

चकचकीत रंगात दिव्यांची प्रतिबिंबे दिसतात, तर अगदी मॅटवर डोके टेकल्याचे तेलकट डाग पडतात, आणि ते पुसताना घासलेली जागा चमकू लागते. त्यामुळे सोफ्यामागे मंद चमकेचा, धुता येणारा इमल्शन बरा. डागापुरता रंग नंतर लावला तर तो तुकडा वेगळा उठून दिसतो, अशा वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतच पुन्हा रंगवावी लागते.