दारू, वेदनाशामक गोळी आणि पोटातला रक्तस्राव: पार्श्वभूमी

आयबुप्रोफेन शोधणारे स्ट्युअर्ट अॅडम्स एक किस्सा सांगत. मॉस्कोतल्या परिषदेत भाषण होतं आणि आदल्या रात्रीच्या व्होडकाने डोकं ठणकत होतं. त्यांनी आपलंच औषध, ६०० मिलिग्रॅम, घेतलं आणि भाषण निभावलं. किस्सा गमतीचा आहे, पण दारू उतरायच्या आत गोळी घेण्याची ही सवय पोटाला महागात पडू शकते.

अॅस्पिरिन १८९९मध्ये बाजारात आलं. त्याने जठराला इजा होते हे डोळ्यांनी दिसायला मात्र चार दशकं लागली. १९३८मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या पोटात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा अॅस्पिरिनचा कण जिथे चिकटला होता तिथलं अस्तर लालबुंद झालेलं आढळलं.

दारूचा हिशेब १९६८मध्ये ऑस्ट्रेलियात मांडला गेला. गोल्स्टन आणि कुक यांनी निरोगी माणसांच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि शौचातून किती रक्त जातं ते मोजलं. नुसत्या दारूने रक्त वाढलं नाही. अॅस्पिरिनने वाढलं, आणि अॅस्पिरिनसोबत दारू दिल्यावर आणखी वाढलं. मला यातली पहिली ओळ महत्त्वाची वाटते, कारण ‘मला दारूने कधी काही झालं नाही’ हा अनुभव खरा असूनही गोळी घेताना कामाचा नसतो.

असं का होतं, याचा मोठा धागा १९७१मध्ये ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांच्या हाती लागला. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दुखणं थांबतं, पण जठराला आम्लापासून वाचवणारा चिकट थरही त्याच प्रोस्टाग्लँडिनवर टिकून असतो. थर पातळ झालेला असताना वर दारू पडली की आम्ल आत झिरपतं. त्यात अॅस्पिरिन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी, म्हणजे आठ-दहा दिवस, निकामी करतं. आयबुप्रोफेनचा हा परिणाम तात्पुरता असतो. गोळीवर आवरण असलं तरी धोका टळत नाही, कारण प्रोस्टाग्लँडिनवरचा परिणाम रक्तातूनही होतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८मध्ये वेष्टनावर इशारा सक्तीचा केला: रोज तीन किंवा अधिक पेग घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘पोटातला रक्तस्राव’ हे शब्द ठळकपणे आले ते २००९च्या नियमात. २०१६मध्ये त्यांनी पित्तावरच्या अॅस्पिरिनयुक्त विरघळणाऱ्या गोळ्यांबद्दल पुन्हा बजावलं. पार्टीनंतर सकाळी लोक हमखास घेतात त्या याच.

रक्तस्राव झाला तर शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसतात. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण त्याला तो चिकटपणा आणि वास नसतो. रक्तस्रावाची शंका आली, विशेषतः चक्कर आणि घाम असेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.