किटमधल्या प्रीअँपचा फीडबॅक कसा ओळखायचा आणि आकडे कसे काढायचे

आमचं दोन ट्रान्झिस्टरचं प्रीअँप किट नेलेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, की दुसऱ्या कलेक्टरवरून पहिल्या एमिटरला जाणारा तो १० के रेझिस्टर नेमकं काय करतो? तर तोच फीडबॅक आहे, सिरीज-शंट प्रकारचा.

ओळखायचं असं. आउटपुट एसीसाठी ग्राउंडला शॉर्ट केलं असं धरा. १० केमधून परत येणारा सिग्नल गायब होतो, म्हणजे तो आउटपुटचं व्होल्टेज बघतोय, हा झाला शंट. आता इनपुट बघा, सिग्नल बेसवर येतो आणि फीडबॅक एमिटरवर, दोन वेगळी टोकं, म्हणून सिरीज. तोच १० के बेसला आला असता तर इनपुटलाही शंट झालं असतं. शेवटी चिन्ह तपासा: बेस वर गेला की पहिला कलेक्टर खाली, दुसरा वर, आणि त्याच्यामागे एमिटर वर, म्हणजे बेस-एमिटरमधला फरक कमी होतो, फीडबॅक निगेटिव्ह.

आता गणित. एमिटरला १०० ओहम आहे, म्हणून आउटपुटचा जो वाटा परत येतो तो β = १००/१०१०० = ०.००९९. फीडबॅक काढून नुसता गेन A मोजताना १० के नुसता उपटून टाकायचा नाही, त्याचा लोड दोन्हीकडे ठेवायचा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. पहिल्या एमिटरला १०० ओहम आणि १० के पॅरलल, म्हणजे ९९ ओहम. आउटपुटला दुसऱ्या कलेक्टरच्या २.२ केच्या पॅरललमध्ये १०.१ के, म्हणजे साधारण १.८ के. पहिल्याचा करंट ०.५ मिलिअँप (आतला एमिटर रेझिस्टन्स ५० ओहम), दुसऱ्याचा २ मिलिअँप (१२.५ ओहम), दोन्ही ट्रान्झिस्टरचा करंट गेन २०० धरला. पहिल्या स्टेजचा लोड तिच्या कलेक्टरचा १० के आणि दुसऱ्याच्या बेसचा २०० × १२.५ म्हणजे २.५ के, पॅरलल म्हणजे २ के, खाली ५० अधिक ९९, म्हणून गेन २०००/१४९, म्हणजे १३.४. दुसऱ्याचा १८००/१२.५, म्हणजे १४४. A साधारण १९४०, लूप गेन Aβ झाला १९, आणि १ + Aβ म्हणजे २०.

A ला १ + Aβ ने भागलं की फीडबॅकसकट गेन साधारण ९६ येतो. आउटपुट रेझिस्टन्स १.८ के भागिले २०, म्हणजे ९० ओहम. बेसमध्ये बघितलेला इनपुट रेझिस्टन्स २०० × १४९, म्हणजे ३० के, तो २० पटीने ६०० केपर्यंत जातो. पण बायसचे १०० के आणि २२ के लूपच्या बाहेर आहेत, ते वाढत नाहीत, म्हणून सोर्सला दिसतात १७ ते १८ केच. गिटारच्या पिकअपला हे कमी पडतं, आवाज मंद येतो तो यामुळेच, ट्रान्झिस्टर खराब म्हणून बदलू नका.

आउटपुट स्वतः तपासायचं तर १ मिलिव्होल्ट द्या, आउटपुट ९६ मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल, मग १ के लोड लावा. साधारण ८ टक्के उतरलं तर बरोबर. निम्म्याहून खाली गेलं तर १० के सुटलाय नाहीतर कोरडा सोल्डर. आणि गेन वाढावा म्हणून १०० ओहमवर कपॅसिटर लावू नका प्लीज, फीडबॅकचा सिग्नल ग्राउंडला जातो, गेन हजारात पोहोचतो, डिस्टॉर्शन येतं, बेसचा रेझिस्टन्स १० केवर घसरतो.