अराइव्ह निकष

प्राण्यांवरील प्रयोगाच्या शोधनिबंधात कोणती माहिती दिलीच पाहिजे, हे ठरवणारी मार्गदर्शक सूची. ब्रिटनमधील एनसी३आर्स या संस्थेच्या पुढाकाराने ती २०१० मध्ये २० कलमांसह प्रसिद्ध झाली. जुलै २०२० मधील सुधारित आवृत्तीत २१ कलमे असून त्यांतील १० ‘अत्यावश्यक’ मानली आहेत. नमुन्याचा आकार, रँडमायझेशन (यादृच्छिक गटवाटप), ब्लाइंडिंग (गट झाकून ठेवणे) आणि प्राणी वगळण्याचे निकष ही त्यांतली चार. प्रस्तुत नोंद मुख्यतः या चारांपुरती आहे.

उगमाबाबत दोन मांडण्या आढळतात. पहिलीनुसार हे निकष म्हणजे मानवी औषधचाचण्यांसाठी १९९६ मध्ये आलेल्या कन्सॉर्ट सूचीचा विस्तार होय. दुसरी मांडणी २००९ च्या एका पाहणीला महत्त्व देते. त्या पाहणीत उंदीर, रॅट व वानरवर्गीय प्राण्यांवरील २७१ निबंध तपासले होते. त्यांपैकी ८७ टक्के निबंधांत रँडमायझेशनचा आणि ८६ टक्के निबंधांत ब्लाइंडिंगचा उल्लेख नव्हता. कन्सॉर्टचा साचा समोर होता हे खरे. परंतु सूचीत काय असावे हे या पाहणीतील उणिवांनी ठरवले असे मानणे अधिक योग्य वाटते. पिंजरा, खाद्य, प्राण्याची जात व वजन यांसंबंधीची कलमे कन्सॉर्टमधून येणे शक्यच नव्हते.

निकषांचा अर्थ प्रत्यक्ष प्रयोगात पाहणे सोयीचे. कोल्हापूर परिसरातील फार्मसी महाविद्यालयांत सह्याद्रीतील वनस्पतींच्या अर्काची सूजनाशक क्षमता तपासणे हा एम. फार्म. प्रबंधाचा परिचित विषय आहे. त्याची रूढ पद्धत अशी : विस्टार जातीच्या रॅटच्या मागच्या पंजाच्या तळव्यात सूज आणणाऱ्या १ टक्का कॅराजीननचे ०.१ मिली इंजेक्शन देतात आणि प्लेथिस्मोमीटरने पंजाचे आकारमान दर तासाला मोजतात. गट चार : नुसते माध्यम, इंडोमेथासिन हे प्रचलित सूजनाशक औषध, अर्काची कमी मात्रा आणि जास्त मात्रा. दर गटात सहा रॅट, एकूण २४.

हे ‘सहा’ कुठून आले, याचा उलगडा सहसा निबंधात नसतो. एक स्पष्टीकरण साधनसमीकरणाचे आहे. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा केल्यावर उत्तर १० ते २० मध्ये यावे, असा तो नियम. सहाच्या दोन गटांना १०, तीन गटांना १५ आणि चार गटांना २० असे उत्तर येते. मेळ चोख बसतो खरा, पण बहुधा तो नंतर जुळलेला असावा. पूर्वीच्या निबंधांतील संख्या पुढच्यांनी उचलत गेल्याने ती रूढ झाली, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. अराइव्हला यांपैकी कोणतेही पुरेसे नाही. त्याची अपेक्षा अशी की संख्या आधी ठरवलेली असावी आणि कशी ठरवली ते लिहावे.

उदाहरणादाखल आकडे धरू. तिसऱ्या तासाला माध्यम गटातील सूज सरासरी ०.८० मिली आणि प्रमाण विचलन ०.२० मिली आहे. दोन गटांची तुलना, ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के सामर्थ्य धरल्यास, सहा-सहा रॅटमध्ये भरवशाने टिपता येणारा किमान फरक सुमारे ०.३६ मिली, म्हणजे सूज ४५ टक्क्यांनी उतरणे. अर्काचा खरा परिणाम २५ टक्के, म्हणजे ०.२० मिली असेल, तर दर गटात १७ रॅट लागतील. सहावर हा परिणाम बहुतेक वेळा निसटतो. आणि सार्थक ठरलाच तर योगायोगाने फुगलेला आकडा हाती लागलेला असतो. एकाच रॅटची सूज पाच वेळा मोजली म्हणून सहाचे तीस होत नाहीत, हेही येथेच नोंदवावे. मात्रा प्रत्येक रॅटला तोंडावाटे वेगळी दिली, तर प्रयोगाचे एकक रॅट. अर्क पिंजऱ्याच्या पाण्यात मिसळला, तर एकक पिंजरा.

रँडमायझेशनचा गैरसमज सर्वांत जुना. पिंजऱ्यात हात घालून येतील तसे रॅट उचलणे म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. मंद किंवा माणसाळलेले रॅट आधी सापडतात आणि पहिल्या गटात जातात; चपळ उरतात ते शेवटच्या. उपाय सोपा आहे. रॅटना वजनानुसार क्रम देऊन चार-चारांचे सहा संच पाडायचे आणि प्रत्येक संचात गटांचा क्रम संगणकाने ठरवायचा. आर प्रणालीत :

```
set.seed(416)
replicate(6, sample(c("A","B","C","D")))
```

पहिल्या ओळीतील आकडा निबंधात दिला, तर आर प्रणालीची तीच आवृत्ती वापरणाऱ्या कुणालाही हीच वाटणी पुन्हा काढून पाहता येते. नुसते ‘रॅट यादृच्छिकपणे विभागले’ एवढ्या वाक्याने अराइव्हचे कलम पूर्ण होत नाही.

ब्लाइंडिंगची गरज मोजणीच्या क्षणी कळते. घोट्याजवळ शाईची रेघ ओढून पंजा तेथपर्यंत द्रवात बुडवायचा असतो. रॅट पाय आखडतो. रेघ द्रवाला नेमकी कधी टेकली हे डोळ्याने ठरवावे लागते. हा रॅट अर्काच्या गटातला आहे हे ठाऊक असेल, तर पंजा किंचित आधी बाहेर निघतो, आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. म्हणून मात्रा एकाने द्यावी, मोजणी दुसऱ्याने करावी आणि संकेतांची यादी तिसऱ्याकडे असावी. अडचण अर्काच्या रंगाची. गडद अर्क तोंडाच्या केसांना लागला की गट उघड होतो. तोंड पुसून घेणे किंवा रॅट कापडात धरून फक्त मागचा पाय पुढे करणे एवढे जमते. जिथे झाकणे शक्य झाले नाही, तिथे तसे लिहिणे हेही निकषांत बसते.

वगळलेल्या प्राण्यांची नोंद सर्वांत दुर्लक्षित. नळीने मात्रा देताना ती श्वासनलिकेत गेल्यास रॅट दगावतो. इंजेक्शन तळव्यातून गळते. अशा वेळी कोणता रॅट वगळायचा हे आधी ठरवलेले असावे आणि कोणत्या गटातून किती वगळले ते कारणासह द्यावे. पद्धती विभागात सहा, पण निष्कर्षाच्या तक्त्यात प्राणिसंख्याच नाही किंवा मुक्तीमात्रा सहाशी जुळत नाही, अशी विसंगती दिसली की वाचकाने थांबावे. चार गटांत २४ रॅट असतील तर एकदिशा प्रसरण विश्लेषणात शेष मुक्तीमात्रा, म्हणजे रॅटच्या संख्येतून गटांची संख्या वजा करून येणारा आकडा, २० हवी. १८ दिसली तर दोन रॅट कुठे गेले, हा प्रश्न रास्त ठरतो.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थात्मक प्राणी नीतिसमितीची मंजुरी बंधनकारक आहे, आणि तिच्याकडे जाणाऱ्या ‘फॉर्म बी’मध्ये प्राण्यांच्या संख्येचे समर्थन मागितलेले असते. म्हणजे अराइव्हला हवे ते गणित प्रयोगापूर्वीच कागदावर येते; ते प्रबंधात व निबंधात जसेच्या तसे उतरवणे एवढेच उरते.

सूची हाती दिल्याने लेखन सुधारते का, याविषयी मतभेद आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एका नियतकालिकाकडे आलेल्या हस्तलिखितांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्यांच्या लेखकांकडूनच भरलेली अराइव्ह सूची मागितली गेली. दोन्ही गटांत सर्व निकष पूर्ण करणारे एकही हस्तलिखित आढळले नाही. सुधारणा ठळकपणे दिसली ती प्राण्यांच्या निवास-देखभालीच्या तपशिलात. २०२० ची दहा कलमांची निवड या अनुभवाला उत्तर म्हणून पाहिली जाते. कलमे कमी केल्याने संपादक व परीक्षकांना ती प्रत्यक्ष तपासता येतील, हा तिचा आधार. पण तपासणी लेखकावर सोपवली तर छोटी सूचीही मोठीसारखीच केवळ खुणा करून परत येण्याचा संभव राहतो.