कार्यालयीन छळ : पाहणाऱ्या सहकाऱ्याची व एचआर अधिकाऱ्याची कृती

वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला चारचौघांत पाणउतारा करून बोलणे, मुद्दाम अपुरी माहिती देऊन तोंडघशी पाडणे, मीटिंगमधून वगळणे, अशक्य मुदती देणे, असे वर्तन वारंवार घडते तेव्हा त्याला सहसा कार्यालयीन छळ म्हणतात. चुकीबद्दल स्पष्ट बोलणे म्हणजे छळ नव्हे. मॅनेजर कडक आहे की छळतो आहे, हे ठरवायला एक प्रश्न बहुतेक वेळा पुरतो: हीच चूक टीममधल्या दुसऱ्या कुणी केली तेव्हा काय झाले?

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी संशोधनासाठी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने अशी मोजपट्टी वापरली होती. तिचा आधार घेऊन ‘अजून सहा महिने कुठे झालेत’ असे म्हणत स्वस्थ बसणे चूक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात एकदाच घडलेले वर्तनही छळात धरले आहे.

पाहणाऱ्या सहकाऱ्याने सहसा आधी मॅनेजरकडे जाऊ नये. ‘तुम्ही त्याच्याशी असे का वागता?’ असे विचारल्यावर मॅनेजर समजतो की ज्युनिअरनेच चुगली केली, आणि राग त्याच्यावरच निघतो. आधी ज्युनिअरला एकटे गाठावे. ‘सोमवारच्या मीटिंगमध्ये झालं ते मी पाहिलं. तुला बोलायचं आहे का?’ एवढे पुरते. तक्रार कर म्हणून मागे लागू नये, कारण नोकरी त्याची पणाला लागलेली असते. मीटिंग चालू असताना मात्र एक गोष्ट करता येते: ‘आकडे मी आत्ताच तपासतो, पुढचा मुद्दा घेऊ या का?’ असे म्हणून बोलणे कामावर आणणे.

नोंद त्याच दिवशी करावी. तारीख, जागा, हजर माणसे, जसेच्या तसे शब्द आणि नंतर काय झाले, एवढेच. ‘मॅनेजर फार उर्मट वागला’ हे मत झाले, चौकशीत त्याचे वजन पडत नाही. ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवू नयेत. बहुतेक ठिकाणी तो नियमभंग ठरतो आणि मूळ प्रकरण बाजूला पडून नोंद करणाराच अडकतो. मेलची तारीख आणि विषय टिपून ठेवले तरी एचआरला तो शोधता येतो.

समजा, सात जणांच्या टीममधल्या एका सहकाऱ्याने पाच आठवड्यांत चार प्रसंग टिपले. दोनदा एका मुलीला सगळ्यांसमोर ‘तुझ्या डोक्यात काही आहे का’ असे म्हटले गेले. एकदा तिला ग्राहकाच्या बदललेल्या मागणीचा मेलच पाठवला नाही आणि मग जुन्या मागणीप्रमाणे काम केले म्हणून झापले. चौथ्यांदा मंजूर रजा आदल्या संध्याकाळी रद्द झाली. यातला मेलचा प्रसंग सर्वांत भक्कम आहे, कारण तो कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. मेल ज्यांना गेला त्यांच्या यादीत तिचे नाव नाही, इतर सहा जणांचे आहे.

एचआर अधिकाऱ्याने लेखी तक्रारीची वाट पाहू नये. माहिती मिळणे हेच कारण पुरेसे आहे. ‘हे कुणालाच कळणार नाही’ असे वचनही देऊ नये. गरज असेल तेवढ्याच लोकांना सांगेन, हे खरे उत्तर. मॅनेजरला कळवण्याआधी मेल आणि रजेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. मग मुलीची रजामंजुरी व मूल्यमापन तात्पुरते दुसऱ्या वरिष्ठाकडे द्यावे. तिलाच दुसऱ्या विभागात हलवणे सोपे असते, पण टीमला त्यातून एवढेच कळते की बोलणाऱ्याची उचलबांगडी होते. दोघांना एका खोलीत बसवून समेट घडवण्याचा मोहही टाळावा. ज्याच्या हातात आपली पगारवाढ आहे त्याच्यासमोर कोण खरे बोलेल?

टीममधल्या प्रत्येकाला वेगवेगळे बोलावून सुरुवातीला सारखाच मोकळा प्रश्न विचारावा: ‘सोमवारच्या मीटिंग कशा चालतात?’ ‘ते तिला ओरडतात का?’ असे विचारले तर उत्तर आधीच सुचवल्यासारखे होते. मॅनेजरलाही तारखांसह प्रसंग सांगून उत्तराला पुरेसा वेळ द्यावा. तो बहुधा म्हणतो, ‘मी सगळ्यांशीच कडक आहे.’ हे तपासता येते. वरील उदाहरणात तशीच चूक केलेल्या दोघांना फक्त साधा मेल गेल्याचे आढळले, तर बचाव टिकत नाही. उलट खरोखर सगळ्यांनाच तशी बोलणी बसत असतील, तरी प्रकरण मिटत नाही. ते एका मुलीपुरते न राहता अख्ख्या टीमचे होते.

चौकशी करणारा एचआर अधिकारी त्याच मॅनेजरच्या हाताखाली असेल किंवा त्याचा जुना मित्र असेल, तर काम बाहेरच्या व्यक्तीला द्यावे. निकालानंतर साधारण एक आणि तीन महिन्यांनी त्या मुलीचे आणि साक्ष देणाऱ्यांचे मूल्यमापन, रजा व कामवाटप पुन्हा पाहावे. सूड उघड ओरडण्यातून क्वचितच दिसतो. तो एका श्रेणीने घसरलेल्या मूल्यमापनात किंवा अचानक काढून घेतलेल्या चांगल्या प्रोजेक्टमध्ये सापडतो.