वांगाचे डाग फिके, पण ठिपके जागेवर : फोटोतल्या गालांचं काम आम्ही कसं करतो

लग्नाच्या नाहीतर वाढदिवसाच्या अल्बमची ऑर्डर देताना बरेच जण हळूच सांगतात, गालावर वांग आलाय तेवढा काढा. काढतो की. पण पूर्ण काढला तर काय होतं तेही आधी सांगतो.

मागं एक काकू आल्या होत्या, लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून रंकाळ्यावर काढलेला फोटो, अंगावर नऊवारी, गळ्यात कोल्हापुरी साज. दोन्ही गालांवर वांगाचे मोठे तपकिरी डाग, आणि नाकावर, गालावर लहानपणापासूनचे बारीक ठिपके, म्हणजे फ्रेकल्स. आमच्या नवीन पोरानं ब्लर मारून गाल एकदम गुळगुळीत केला, त्यात डाग गेले पण ठिपके पण गेले, आणि काकूंनी बघितल्या बघितल्या विचारलं, ही कोण? चूक आमचीच होती, फोटो नव्यानं केला. नव्यानं कसा केला ते खाली लिहितोय, म्हणजे तुम्हाला पण फोटो बघताना काय बघायचं ते कळेल.

खरा फरक साइजचा असतो. ठिपका एक-दोन मिलिमीटरचा आणि वांगाचा डाग दोन-तीन सेंटिमीटरचा, म्हणजे दहा ते तीस पट मोठा. म्हणून ब्रश डागाच्या मापाचा मोठा आणि मऊ कडेचा घ्यायचा, आणि पुसायचं काहीच नाही, फक्त त्या भागाचा उजेड थोडा वर उचलायचा. Photoshop मध्ये त्याला `Curves` लावतो आणि मास्कवर, म्हणजे परिणाम फक्त डागापुरता ठेवणाऱ्या थरावर, ५ टक्के फ्लोनं हळूहळू रंगवत जातो. असं केलं की डाग आणि त्याच्यावरचे ठिपके दोन्ही एकत्र उजळतात, त्यांच्यातला फरक तसाच राहतो, म्हणून ठिपका दिसतोच. ब्लरमध्ये नेमका हाच फरक मरतो, त्वचेची छिद्रं पण जातात आणि गाल मेणाचा दिसायला लागतो.

आता रंगाचं. नुसतं उजळवलं की डागाच्या जागी तांबूस छटा उरते, ती प्रिंटमध्ये जास्तच डोळ्यात येते. कारण त्वचेतलं मेलॅनिन निळा उजेड जास्त खातं आणि लाल कमी. म्हणून डाग बघायचा असेल तर आम्ही निळा चॅनल, म्हणजे फोटोतला नुसत्या निळ्या उजेडाचा भाग, उघडतो, तिथं तो सगळ्यात गडद दिसतो आणि लाल चॅनलमध्ये सगळ्यात फिका. प्रत्येक रंगाचा उजेड ० ते २५५ मध्ये मोजतात, आकडा मोठा तेवढा उजेड जास्त. काकूंच्या फोटोत साफ गालावर आकडे लाल २००, हिरवा १५०, निळा १२५ असे होते आणि डागावर १८०, १२४, ९७. बघा, लाल २० नं कमी आहे पण निळा २८ नं. तिन्ही २० नं वाढवले असते तर लाल जुळला असता आणि बाकीचे दोन मागंच राहिले असते, म्हणून प्रत्येक रंग वेगळा उचलला, डागावर साधारण १९५, १४३, ११८ वर आणून थांबलो. म्हणजे फरकाचा पाऊण भाग भरला, पाव ठेवला. तो पाव मुद्दाम ठेवलाय, कारण आपल्याकडं कपाळ, ओठांच्या कडा, डोळ्यांखालचा भाग मुळातच गालापेक्षा सावळे असतात, तिथं तर आम्ही हातच लावत नाही. सगळा चेहरा एकाच रंगाचा केला की मान वेगळी आणि तोंड वेगळं दिसतं.

काम बरोबर झालंय का हे बघायला फोटो झूम करू नका, उलट लहान करा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तिथं डाग उठून दिसत नसेल, आणि मग मोठा केल्यावर ठिपके जागेवर असतील तर झालं. डागाच्या कडेला फिकट रिंग दिसली तर ब्रश डागाच्या बाहेर गेलाय, तेव्हा परत द्या, पैसे लागत नाहीत.

काही गोष्टी होत नाहीत. मोबाईलच्या ब्युटी मोडनं ठिपके आधीच पुसले असतील तर ते परत आणता येत नाहीत, आम्ही नव्यानं रंगवलेले ठिपके खोटेच असतील. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, बारीक ठिपके त्यातच जातात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन या. पासपोर्ट, व्हिसाच्या फोटोत हे काम करत नाही, तिथं चेहरा आहे तसाच लागतो. आणि "जरा गोरं करा" हे पण नाही, त्यात ठिपके पहिल्यांदा उडतात. खऱ्या वांगाला काय लावायचं ते त्वचेच्या डॉक्टरांना विचारा, त्यातलं आम्हाला विचारू नका.

ऑर्डर देताना एवढंच करा, कुठला तीळ, कुठले ठिपके, कुठला व्रण ठेवायचा ते साध्या प्रिंटवर पेनानं गोल करून द्या. काकूंनी हनुवटीवरच्या तिळाला दोनदा गोल केला होता.